फ्रेंच विनंतीतले दोन इवले शब्द

ल्यों शहरात भाड्याने राहणाऱ्या एका बाईंच्या घरातला गीझर सोमवारी बंद पडला, असं धरून चालू. घराची व्यवस्था पाहणाऱ्या एजन्सीला त्या ईमेल लिहितात. काय बिघडलं आहे ते पहिल्या ओळीत सांगून लगेच विचारतात, ‘पुर्ये-वू वू-झां-नोक्युपे?’ म्हणजे, जरा बघाल का? पुढची ओळ, ‘ज वू-झां सरे रकोनेसांत.’ तसं केल्यास मी आपली आभारी राहीन. खाली नाव. दुपारपर्यंत एजन्सीतल्या माणसाचं उत्तर येतं, ‘ज मां-नोक्युप दे-झोजुर्द्वी.’ आजच बघतो. प्लंबर गुरुवारी सकाळी येईल, घरी असाल ना, असंही तो विचारतो. बाई कळवतात, ‘जी सरे. ज वू-झां रमेर्सी.’ असेन. आभारी आहे. त्यावर त्याचा शेवटचा निरोप, ‘ज वू-झां प्री.’

अगदी साधा पत्रव्यवहार. फ्रान्समध्ये असे निरोप घरमालक, बँक, शाळा, दवाखाना सगळीकडे रोज जातात-येतात. पण वर दिलेली सहा फ्रेंच वाक्यं पुन्हा वाचली, तर प्रत्येकात एक इवला शब्द दडलेला दिसेल. पाच वाक्यांत ‘आं’ आहे आणि एका वाक्यात ‘ई’. ते दोन शब्द काढून टाकले, तर या पत्रातली काही वाक्यं मोडतात, काहींचा अर्थ बदलतो, आणि जी टिकतात ती हवेत लटकतात. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाला क्रियापदांची रूपं पाठ करता येतात, शब्दसंग्रह वाढवता येतो. हे दोन शब्द मात्र बरीच वर्षं हातातून निसटत राहतात. त्याचं कारण आपल्या भाषेच्या सवयीत आहे, आणि ते एकदा लक्षात आलं की निम्मं काम होतं.

आधी हे शब्द कानाला ओळखू यायला हवेत. ‘आं’ लिहितात दोन अक्षरांत, ‘ए’ आणि ‘एन’. उच्चार मात्र नाकातला, लांबवलेला आं. ‘ई’ तर एकाच अक्षराचा शब्द. रोमन वर्णमालेतल्या ज्या अक्षराला आपण ‘वाय’ म्हणतो, त्याला फ्रेंच लोक ‘ई ग्रेक’, म्हणजे ग्रीक ई म्हणतात, तोच हा. बोलताना दोन्ही शब्द शेजारच्या शब्दांत विरघळतात. ‘वू’ म्हणजे तुम्ही. या शब्दाच्या शेवटी लिहिला जाणारा ‘एस’ एरवी मुका असतो, पण पुढे स्वर आला की तो जागा होऊन ‘माझा’तल्या झ सारखा ऐकू येतो. म्हणून वू अधिक आं मिळून वू-झां. ‘आं’च्या पुढे स्वर आला, तर त्याच्याही शेवटचा न उघडा होतो. म्हणून ‘मां’ आणि ‘ओक्युप’ मिळून मां-नोक्युप. आणि ‘ज’, म्हणजे मी, ‘ई’ला भेटला की दोघांचा मिळून ‘जी’ होतो. नव्या कानाला हे सगळं एकच लांब शब्द वाटतं, आणि मधला इवला शब्द होता हेच कळत नाही.

आता अर्थाकडे. ‘आं’ आला लॅटिनमधल्या ‘इंदे’पासून, ज्याचा अर्थ तिथून. ‘ई’चं मूळ ‘इबी’त सांगतात, अर्थ तिथे. आजही हे मूळ अर्थ जिवंत आहेत. ‘जी वे’ म्हणजे मी तिथे जातो, ‘जां व्यां’ म्हणजे मी तिथूनच येतोय. पण शतकानुशतकं वापरात राहून त्यांचं काम वाढलं. फ्रेंचमध्ये ‘द’ आणि ‘आ’ अशी दोन अतिशय वापरातली शब्दयोगी अव्ययं आहेत. आपली नामाला मागून लागतात, ती नामाच्या आधी येतात. ‘द’ म्हणजे ढोबळमानाने चा, पासून, बद्दल. ‘आ’ म्हणजे ला, कडे, मध्ये. एखादी गोष्ट ‘द’सकट सांगून झाली असेल आणि तिचा पुन्हा उल्लेख करायचा असेल, तर ‘द आणि ती गोष्ट’ या सगळ्याच्या जागी एकटा ‘आं’ येतो. ‘आ’सकट सांगितलेल्या गोष्टीच्या जागी ‘ई’ येतो. नियम खरं तर एवढाच आहे.

एजन्सीतल्या माणसाचं वाक्य सोडवून पाहू. एखाद्या कामाची जबाबदारी घेणं, ते बघणं, यासाठी फ्रेंच क्रियापद आहे ‘सोक्युपे’, आणि ते नेहमी ‘द’ घेतं. ‘ज मोक्युप द्यु शोफ-ओ’ म्हणजे मी गीझरचं बघतो. गीझरचा उल्लेख बाईंनी आधीच केला आहे, म्हणून ‘द्यु शोफ-ओ’ काढला आणि त्याच्या जागी आला ‘आं’. तो क्रियापदाच्या मागे न राहता पुढे जाऊन बसला. ‘ज मां-नोक्युप.’

मराठीत आपण इथे काय म्हणतो? ‘बघतो.’ फार तर ‘बघतो मी.’ काय बघतो, हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून ते शब्दात येत नाही. आपल्या भाषेत कर्ता गाळता येतो, कर्म गाळता येतं, आणि संदर्भ ऐकणाऱ्यावर सोपवता येतो. हे सैल किंवा उद्धट अजिबात वाटत नाही. उलट प्रत्येक वेळी ‘मी त्याचं बघतो’ असं म्हणणारा माणूस जरा जास्तच औपचारिक वाटेल. याच सवयीने मराठी विद्यार्थी फ्रेंचमध्ये ‘ज मोक्युप’ एवढंच म्हणून थांबतो, आणि ते वाक्य भलतंच निघतं. नुसत्या ‘ज मोक्युप’चा अर्थ होतो, मी स्वतःला कशात तरी गुंतवून ठेवतो, माझा वेळ जातो. निवृत्त माणसाला कोणी विचारलं की दिवसभर काय करता, तर तो हे म्हणेल. गीझर बंद पडलेल्या भाडेकरूला एजन्सीने हे उत्तर दिलं, तर तिला काय वाटेल याची कल्पना करा.

फ्रेंच वाक्याला ती रिकामी जागा खपत नाही. जी गोष्ट क्रियापद मागतं, ती नाव घेऊन तरी यावी लागते किंवा तिचा प्रतिनिधी तरी हजर असावा लागतो. विनंती आणि तिचं उत्तर यांत तर हा प्रतिनिधी फार महत्त्वाचा, कारण तुम्ही जे म्हणालात तेच मी धरून बोलतो आहे, हे त्यातून कळतं. समोरच्याने मांडलेली अडचण ‘आं’मध्ये उचलून घेतली जाते. माझ्या मते फ्रेंच शिष्टाचारातला हा सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग आहे. ‘सिल वू प्ले’ आणि ‘मेर्सी’ पहिल्याच दिवशी शिकवतात. पुण्यामुंबईच्या वर्गांमध्ये ‘ई’ आणि ‘आं’ भेटतात ते पुढे, आणि तेही बहुतेक किलोभर बटाटे आणि पॅरिसला जाणं अशा वाक्यांत. मला दोन किलो द्या, मी तिथे जातो. दोन्ही वाक्यं बरोबरच, पण ज्या पत्रात आणि संभाषणात या शब्दांची खरी गरज पडते, तिथे ते येतात हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

बाईंचं दुसरं वाक्य आपल्याला सर्वांत जवळचं आहे. ‘ज वू-झां सरे रकोनेसांत.’ यातला ‘सरे’ हे संकेतार्थी रूप, होईन नव्हे तर झाले असते, होईन बरं का, अशा छटेचं. ‘रकोनेसांत’ म्हणजे कृतज्ञ, लिहिणारी स्त्री असल्यामुळे शेवटी त. पुरुष असता तर ‘रकोनेसां’ झालं असतं. हे विशेषण ‘द’ घेतं, अमुक गोष्टीबद्दल कृतज्ञ, म्हणून ‘आं’. आपल्या शाळेत जे औपचारिक पत्र शिकवलं जायचं, त्याचा शेवट आठवा. ‘तसे केल्यास मी आपला आभारी राहीन.’ त्यातलं ‘तसे केल्यास’ जे काम करतं, तेच फ्रेंचमध्ये ‘आं’ करतो. वर केलेली विनंती तो एका अक्षरगटात गोळा करून आभाराला जोडून देतो. म्हणजे औपचारिक लेखनात ही गरज मराठीलाही जाणवते. फरक एवढाच की आपण ती पत्राच्या शेवटी एकदा भागवतो, फ्रेंच माणूस रोजच्या बोलण्यात दर वाक्याला भागवतो.

याच अर्थाचं आणखी भारदस्त वाक्य म्हणजे ‘ज वू-झां सोरे ग्रे’. सरकारी कार्यालयाला किंवा वकिलाला लिहिताना हे येतं. यातलं क्रियापद ‘साव्वार’, म्हणजे जाणणं, आणि ‘ग्रे’ हा कृतज्ञतेसाठीचा जुना शब्द. उपकार जाणणं, असं ते रूप आहे. ‘सोरे’ आणि ‘सरे’ उच्चाराला जवळ असल्यामुळे फ्रेंच माणसंसुद्धा कित्येकदा इथे ‘सरे ग्रे’ लिहून जातात, आणि व्याकरणाची पुस्तकं त्याबद्दल सावध करतात. नवशिक्याने या वाक्याच्या वाटेला न जाता ‘सरे रकोनेसां’वर राहावं हे बरं. ते तितकंच सभ्य आहे.

‘ज वू-झां रमेर्सी’मध्ये एक गंमतीची अडचण आहे. ‘रमेर्सिये’ म्हणजे आभार मानणं. या क्रियापदाचं थेट कर्म माणूस असतो, ज्याचे आभार मानायचे तो. ज्या गोष्टीबद्दल मानायचे, ती ‘द’ किंवा ‘पूर’ लावून मागून येते. ‘ज वू रमेर्सी द वोत्र मेसाज’, तुमच्या निरोपाबद्दल मी तुमचे आभार मानतो. म्हणून निरोपाचा प्रतिनिधी ‘आं’ असतो. विद्यार्थी इथे ‘ल’ घालतात, म्हणजे ते, कारण त्यांच्या मनात ती गोष्टच कर्म झालेली असते. ‘ज वू ल रमेर्सी’ असं वाक्य फ्रेंचमध्ये होऊच शकत नाही. वू हे एक थेट कर्म आधीच बसलेलं आहे, दुसऱ्याला जागा नाही.

‘आं’ न घालता नुसतं ‘ज वू रमेर्सी’ म्हटलं तर? ते वाक्य पूर्ण आहे, सभ्यही आहे. पण कोणी तुम्हाला अजून थोडी कॉफी घ्या म्हणत असेल आणि तुम्ही ‘ज वू रमेर्सी’ म्हणालात, तर बहुतेक वेळा तो नकार समजला जातो. नको, आभारी आहे. नुसत्या ‘मेर्सी’चंही तेच. हवी असेल तर ‘वोलोंतिये’, म्हणजे आनंदाने, किंवा ‘वी, सिल वू प्ले’ म्हणायला हवं. ‘आं’ जोडला की आभार एका ठरावीक गोष्टीला बांधले जातात. आधी ती गोष्ट झालेली असते किंवा मागितलेली असते, आणि वाक्य तिच्याकडे बोट दाखवतं. म्हणून पत्रात विनंती केल्यावर ‘ज वू-झां रमेर्सी पार आवांस’ असं लिहितात, त्याबद्दल आगाऊ आभार. हे वाक्य फार प्रचलित आहे, तरी मला ते मोठ्या विनंतीनंतर वापरावंसं वाटत नाही. समोरच्याने अजून हो म्हटलेलं नसतं आणि आपण आभार मानून मोकळे होतो. छोट्या, नेहमीच्या कामाला ते शोभतं. मोठं काम सांगायचं असेल तर बाईंनी लिहिलेलं संकेतार्थी वाक्य बरं, कारण त्यात नाही म्हणायला वाव राहतो.

शेवटचं ‘ज वू-झां प्री’ तर फ्रान्समध्ये पाऊल ठेवल्यापासून कानावर पडतं. ‘प्रिये’ म्हणजे विनवणं, प्रार्थना करणं. शब्दशः, मी तुम्हाला त्याची विनंती करतो. पण वापर किती पसरलेला आहे पाहा. कोणी आभार मानले की त्याला उत्तर म्हणून, त्यात काय एवढं या अर्थी. दार उघडून धरून समोरच्याला आधी जायला सांगताना. खुर्ची दाखवून बसा म्हणताना. ही खिडकी उघडू का, असं कोणी विचारलं तर जरूर उघडा या अर्थी. आणि स्वर बदलला की कळवळून केलेली विनवणी किंवा चिडून घातलेला दम, पुरे करा हो आता. ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाला ‘ज तां प्री’. यातला ‘आं’ आता कशाकडे बोट दाखवतो, हे फ्रेंच माणसालाही क्षणात सांगता येणार नाही, पण तो गाळता येत नाही. आभारांना उत्तर देण्याचे सोपे मार्गही आहेत. मित्रांत ‘द र्‍यां’, जरा बरं म्हणजे ‘इल न्या पा द क्वा’, ज्यात ‘ई’ उच्चारात दबून बसलेला आहे. क्वेबेकमध्ये ‘ब्यांवन्यु’ म्हणतात, स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात ‘सेर्विस’ ऐकू येतं. पण कार्यालयात, दुकानात, वडीलधाऱ्यांशी ‘ज वू-झां प्री’ कुठेच चुकत नाही.

आता ‘ई’ची बाजू. विनंतीत ‘ई’ कमी वेळा येतो, पण जिथे येतो तिथे वचन देतो. ‘वेये आ’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे लक्ष ठेवणं. रात्री फाटक बंद राहील एवढं पाहा, असं इमारतीच्या रखवालदाराला सांगितलं, तर तो म्हणेल ‘जी वेयरे’, मी लक्ष ठेवेन. आईला माझा नमस्कार सांगा, याचं ठरलेलं उत्तर आहे ‘ज नी मांकरे पा’, नक्की सांगतो, म्हणजे शब्दशः त्यात कसूर करणार नाही. हॉटेलात जेवणाचं बिल कोणी द्यायचं यावर ओढाताण झाली, तर एक जण म्हणतो ‘जी त्यां’, मलाच द्यायचंय, माझा आग्रह आहे. हे ‘तनीर आ’ या क्रियापदापासून, एखादी गोष्ट धरून असणं. दोन अक्षरांत संपणारा हा आग्रह मला फ्रेंचमधला फार देखणा वाटतो.

एकच क्रियापद दोन्ही अव्ययं घेतं तेव्हा गोष्ट नाजूक होते. ‘पांसे’ म्हणजे विचार करणं. ‘पांसे द’ म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल मत असणं, ‘पांसे आ’ म्हणजे ती मनात असणं, आठवण ठेवणं. म्हणून ‘कां पांसे-वू?’ म्हणजे तुमचं यावर काय मत आहे? आणि ‘वू-झी पांसरे?’ म्हणजे तेवढं लक्षात ठेवाल ना? पहिल्याने सल्ला मागितला जातो, दुसऱ्याने हळूच आठवण करून दिली जाते. वरिष्ठांना अहवालाची आठवण करायची असताना मत विचारलं गेलं, तर ते खरोखरच मत लिहून पाठवतील आणि अहवाल तसाच राहील.

याहून महागात पडणारी अदलाबदल ‘आले’ या क्रियापदाची. रांगेत मागच्या माणसाला घाई असेल आणि तुम्ही म्हटलं, ‘आले-झी, ज वू-झां प्री’, तर अर्थ होतो, जा हो पुढे, खुशाल. कुठल्याही जागेचा उल्लेख नसतानाही ‘ई’ इथे होऊ द्या, सुरू करा असा अर्थ देतो. पण ‘ई’ऐवजी ‘आं’ घालून ‘आले-वू-झां’ म्हटलं, तर त्याचा अर्थ आहे, चालते व्हा. तिथून या मूळ अर्थाचा ‘आं’ इथे पुरता जागा आहे. अदबीने वाट दिली काय आणि हाकलून दिलं काय, फरक या इवल्या शब्दांचा.

हे शब्द वाक्यात बसतात कुठे, याचीही शिस्त आहे. साध्या वाक्यात क्रियापदाच्या आधी, आणि मला, तुम्हाला अशा सर्वनामांच्या नंतर. दोघे एकत्र आले तर आधी ई, मग आं. फ्रेंच मुलांना हे गाढवाच्या ओरडण्यावरून शिकवतात, कारण त्यांच्या भाषेत गाढव ‘ई-आं’ असंच ओरडतं. होकारार्थी आज्ञेत मात्र हे शब्द क्रियापदाच्या मागे जातात, ‘ओक्युपे-वू-झां’, तुम्ही हे बघा. एकेरीत ‘वा’ म्हणजे जा, पण ‘ई’ जोडताना मध्ये एक ‘एस’ घालून ‘वा-झी’ करतात, दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. त्याच कारणाने भविष्यकाळात उलटं घडतं. सभेला याल का, याचं उत्तर नुसतं ‘जिरे’, येईन. तिथे ‘ई’ हवा होता, पण क्रियापदच इ ने सुरू होतं, म्हणून तो गाळतात. ‘ई’ गाळायची ही एकमेव सर्वमान्य जागा.

दोन क्रियापदं असतील तर इवला शब्द ज्याचा त्याच्याजवळ राहतो. मी हे बघणार आहे, हे ‘ज वे मां-नोक्युपे’. विद्यार्थी घाईत ‘ज मां वे...’ अशी सुरुवात करतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा निघाला, कारण ‘ज मां वे’ म्हणजे मी निघतो. बाईंच्या ‘पुर्ये-वू वू-झां-नोक्युपे?’मध्ये दोनदा ‘वू’ येतो तो याच कारणाने. पहिला शकाल का चा कर्ता, दुसरा बघण्याच्या क्रियापदाचा सोबती. तो चुकून आलेला नाही, कोणी खोडू नये. आणि विनंती करताना ‘ओक्युपे-वू-झां’ अशी आज्ञा न करता हे प्रश्नार्थक, संकेतार्थी रूप वापरणं, हा शिष्टाचाराचा भाग. ‘आं’ दोन्हीकडे आहे, म्हणजे तो स्वतः विनय आणत नाही. विनय क्रियापदाच्या रूपातून येतो. ‘आं’ तो विनय नेमक्या कामाला जोडून देतो.

माणसांच्या बाबतीत मात्र थांबावं लागतं. लिखित, काळजीपूर्वक फ्रेंचमध्ये ‘ई’ आणि ‘आं’ वस्तू आणि कामांसाठी राखलेले आहेत. माणसासाठी ‘द’ तसाच ठेवून पुढे सर्वनाम घ्यायचं. दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात, ‘ओं सोक्युप द वू?’ तुमच्याकडे कोणी बघतंय ना? गिऱ्हाइकाबद्दल सहकाऱ्याला सांगायचं, तर ‘ज मोक्युप द ल्वी’. तिथे ‘ज मां-नोक्युप’ म्हटलं, तर माणसाचं सामान झाल्यासारखं वाटू शकतं. बोलताना हा नियम सैल होतो. पाळणाघरात आई-वडील लेकराबद्दल सहज ‘ज मां-नोक्युप’ म्हणतात आणि कोणाला काही खटकत नाही. सतराव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये तर हे दोन्ही शब्द माणसांसाठी मोकळेपणाने येत असत. पण पत्र लिहिताना आजचा नियम पाळावा.

आणखी दोन ठिकाणी मराठी लेखणी घसरते. पहिली म्हणजे दुहेरी उल्लेख. ‘ज मां-नोक्युप द वोत्र दोसिये’ असं लिहिलं की तुमच्या फाइलचं मी त्याचं बघतो असं होतं. फाइलचं नाव घेतलं असेल तर ‘आं’ नको, ‘आं’ घेतला असेल तर नाव नको. बोलताना ‘आं’ म्हणून झाल्यावर क्षणभर थांबून फाइलचा उल्लेख केला तर चालतं, लेखनात टाळायचं. दुसरी म्हणजे संदिग्धता. पत्रात आधी गीझर, मग वाढलेलं भाडं, मग शेजाऱ्याचा कुत्रा अशा तीन तक्रारी लिहून शेवटी एकच ‘पुर्ये-वू वू-झां-नोक्युपे?’ टाकलं, तर एजन्सीने नेमकं काय बघायचं? ‘आं’ला एक आणि जवळचा संदर्भ लागतो. तो नसेल तर नाव पुन्हा लिहावं, त्यात काही कमीपणा नाही.

हे शब्द एकदा आवडले की माणूस ते सगळीकडे घालू लागतो. मग ‘मला कळवा’ म्हणतानाही ‘आं’ येतो. तिथे ‘साव्वार’ हे क्रियापद गोष्टीला थेट कर्म म्हणून घेतं, म्हणून ‘फेत-ल-म्वा साव्वार’, मध्ये ‘ल’. मागणं म्हणजे ‘दमांदे’, त्याचंही तसंच. पण त्याच अर्थाचं ‘मला त्याची माहिती देत राहा’ लिहायचं झालं, तर तिथलं क्रियापद ‘द’ घेतं आणि ‘आं’ परत येतो. माफी मागताना ‘ज वू प्री द मां-नेक्स्क्युझे’, त्याबद्दल मला क्षमा करावी, इथेही ‘द’, इथेही ‘आं’. अर्थावरून अंदाज बांधता येत नाही. प्रत्येक क्रियापदाची सवय वेगळी असते, आणि ती मराठीत किंवा इंग्रजीत तशीच असेल असं धरून चालता येत नाही.

म्हणून फ्रेंच शिकणाऱ्यांना, आणि शिकवणाऱ्यांनाही, एक विनंती. वहीत क्रियापद एकटं लिहू नका. ‘सोक्युपे’ असं न लिहिता ‘सोक्युपे द’ लिहा, ‘वेये’ऐवजी ‘वेये आ’, ‘रमेर्सिये’पुढे माणूस आणि मग ‘द’. लारूस किंवा पती रोबेर उघडला तर हे अव्यय क्रियापदाच्या उदाहरणांत छापलेलं सापडेल. शेजारी त्याच क्रियापदाचं एक पूर्ण उत्तरही लिहून ठेवा, ‘ज मां-नोक्युप’ किंवा ‘जी वेयरे’, आणि ते मोठ्याने म्हणा.